शिवूला कोणतं पाठवू?

रियाध, शुक्रवार, ७ जुलै २००६

दैनंदिनी लिहायची मला सवय नाही. शाळेत असताना एकदा सुरू केली होती, ती संक्रांतीच्या आत बंद पडली. पण आज सकाळपासून मी कुणाशीही एक शब्द बोललेलो नाही, आणि दुपारी भाजी चिरताना माझाच आवाज ऐकून दचकलो. "कांदा संपला," असं मी मोठ्याने म्हणालो होतो. तेव्हा वाटलं, बोलायचंच तर कागदाशी बोलावं.

माझी बायको वासंती जानेवारीत गेली. दुपारी डोकं दुखतंय म्हणून पडली, आमची मुलगी शिवांगी शाळेतून आली तेव्हा बेशुद्ध होती. मेंदूत रक्तस्राव. हॉस्पिटलमध्ये दोन दिवस होती, मग नाही. पुण्याला नेऊन सगळं केलं आणि मी शिवांगीला घेऊन परत आलो, कारण तिची दहावीची परीक्षा इथल्या शाळेत होती. परीक्षा तिने दिली, उत्तम दिली. मार्चअखेर मी तिला पुण्याला हेमलताकडे, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीकडे ठेवून आलो.

दुसरं काय करणार होतो? शाळेची बस अडीचला सोडते, मी ओलाया भागातल्या बँकेतून घरी पोचतो सात वाजता. मधले तास पंधरा वर्षांची मुलगी बंद फ्लॅटमध्ये एकटी. तिला एकटीला कुठे जाता येत नाही, मला बँकेतून निघता येत नाही. हेमलताला मूलबाळ नाही, घर मोठं आहे, जीव लावते. शहाणपणाचा निर्णय होता. सगळ्यांनी तसंच सांगितलं.

शुक्रवार, २१ जुलै

शिवांगीचा फोन. कॉलेज सुरू झालंय, अकरावी सायन्स. "कसं आहे?" म्हटलं तर "फाइन, बाबा." "मैत्रिणी झाल्या?" "हो, दोन-तीन." मग तिनेच विचारलं, "माझ्या खोलीचा एसी मधूनमधून लावतोस ना? बंद राहिला की वास येतो." लावतो म्हटलं. "पुस्तकं कुणाला दिलीस का?" नाही म्हटलं. "तिकडची अकरावीची अ‍ॅडमिशन बंद झाली का? असंच विचारते."

मुलगी चौकस आहे. मी तिला नीट माहिती दिली. प्रिन्सिपलबाईंनी सुटीनंतर शाळा उघडेपर्यंत जागा ठेवते म्हणून सांगितलंय, राहिलेला अभ्यास भरून काढता येईल. आणि तिच्या व्हिसाची सप्टेंबरअखेरची मुदत आहे. तोवर ती परत आली तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, चालू राहील, नाही आली तर रद्द होईल. मग माझ्या नोकरीवर तिला पुन्हा आणायचं म्हणजे सगळं पहिल्यापासून, आणि तेही होईल याची खात्री नाही.

"म्हणजे सप्टेंबरपर्यंत ठरवायचं?"

"हो. पण घाई नाही. तू विचार कर."

"तुला काय वाटतं?"

"तुझ्या शिक्षणाचा प्रश्न आहे, तूच ठरव."

तिचं "बरं" अर्धंच ऐकू आलं. लाइन खराब होती बहुतेक.

शुक्रवार, ४ ऑगस्ट

एकवीस तारखेला शिवांगीचा वाढदिवस. सोळावा.

आजवर मी तिच्यासाठी कधी काही लिहिलेलं नाही. दरवर्षी वासंती कार्ड आणायची, त्यात स्वतःच्या हाताने मराठीत चार ओळी लिहायची आणि खाली "आई-बाबा" करायची. मी ते कार्ड सकाळी शिवांगीबरोबरच पहिल्यांदा बघायचो. शिवांगी घरात आमच्याशी निम्मं इंग्रजी बोलते, पण ते कार्ड ती अक्षर अक्षर लावून, जोडाक्षरांना अडखळत, मोठ्याने वाचायची. वासंती मध्ये सांगायची नाही, थांबून राहायची.

या वर्षी कार्ड गेलं नाही तर बरं दिसणार नाही. ईमेल करता येईल, पण हेमलताच्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षरांचे नुसते चौकोन दिसतात. आणि इंग्रजीत लिहावंसं वाटत नाही. ओलायातल्या पुस्तकांच्या दुकानातून कार्ड आणलं. बाहेर निळी फुलं, आतली दोन्ही पानं कोरी. डावं पान कोरं ठेवायचं, उजव्यावर लिहायचं, असं वासंती करायची. म्हणजे माझ्या अक्षरात बारा-तेरा ओळी मावतील. कुरियरवाला म्हणतो, मंगळवारपर्यंत द्या, म्हणजे शनिवारच्या आत पुण्यात पोचेल.

बुधवार, ९ ऑगस्ट

बँकेतून लवकर आलो आणि बसलो. पहिला मसुदा झाला. इथे उतरवून ठेवतो.

"प्रिय शिवांगी,
सोळाव्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! गेल्या काही महिन्यांत तू जे धैर्य दाखवलंस, त्याचा मला अभिमान वाटतो. आईलाही वाटला असता. इकडे सर्व व्यवस्थित आहे, माझी अजिबात काळजी करू नकोस. मन लावून अभ्यास कर, आत्याला मदत कर. सप्टेंबरबद्दल तुझं तू ठरव. तुझा जो निर्णय असेल तो मला मान्य आहे.
तुझा,
बाबा"

वाचून बघितलं. बरं झालंय. काही राहिलेलं नाही.

शुक्रवार, ११ ऑगस्ट

आज शिरा करायचं मनात आलं. वाढदिवसाला वासंती शिरा करायची, म्हटलं बघू जमतो का. रवा करपला, पाणी कमी पडलं, पातेलं खाली लागलं. गॅस बंद करून ओट्यापाशीच उभा राहिलो आणि हाताशी असलेल्या कागदावर एकदम लिहीत सुटलो. तो दुसरा मसुदा म्हणायचा की काय, माहीत नाही.

"शिवू,
आज तू सोळा वर्षांची झालीस. शिरा करून बघितला. खाली लागला. आई असती तर हसली असती. तू असतीस तर तूही हसली असतीस, आणि वरवरचा काढून आपण खाल्ला असता. रोज संध्याकाळी दार उघडलं की मी अजून तुला हाक मारतो. मग आठवतं. तुझ्याशिवाय मला इथे करमत नाही. तू यावंस असं मला वाटतं. नाही आलीस तरी मी रागावणार नाही. पण वाटतं.
बाबा"

लिहून झाल्यावर पातेलं घासायला घेतलं.

शनिवार, १२ ऑगस्ट

दोन्ही मसुदे शेजारी शेजारी ठेवून बघितले. बँकेच्या कॉम्प्युटर विभागात माझं कामच हे आहे, एका कामाच्या दोन आवृत्त्या आल्या की कोणती चालवायची ते सांगायचं. तिथे विचारायचा प्रश्न एकच असतो, वापरणाऱ्याला काय हवंय? इथे वापरणारी सोळा वर्षांची मुलगी आहे. आई जाऊन वर्षही झालेलं नाही. ती सकाळी कार्ड उघडणार, शेजारी आत्या उभी असणार, मग कॉलेजला जायचं असणार.

सुरुवात बघितली. पहिल्यात "प्रिय शिवांगी", दुसऱ्यात "शिवू". शिवू हे घरातलं नाव, पण ती आता मोठी झाली आहे. वाचायला सोपा दुसरा आहे, यात शंका नाही. वाक्यं छोटी, जोडाक्षरं कमी. पहिल्यात "धैर्य", "हार्दिक", "निर्णय", "व्यवस्थित". तिथे ती अडखळणार. ते दुरुस्त करता येईल.

पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे. दुसऱ्या मसुद्यात वाक्यागणिक मी आहे. माझा शिरा, माझी हाक, माझं करमत नाही. वाढदिवस तिचा आणि रडगाणं माझं. वाचून झाल्यावर तिने काय करायचं? पहिलं वाचलं की ती कार्ड टेबलावर ठेवून कॉलेजला जाऊ शकते. दुसरं वाचलं की तिच्यावर माझं ओझं येतं. आणि "तू यावंस" हे वाचल्यावर तिचं ठरवणं तिचं राहतं का?

मधला मार्गही करून बघितला. पहिल्या मसुद्यात "तुझं तू ठरव" याच्या आधी "तू यावंस असं मला वाटतं" हे वाक्य बसवलं. बसत नाही. एका वाक्यात ओढायचं आणि पुढच्यात सोडायचं. ते खोटं वाटतं. वाक्य "नाही आलीस तरी मी रागावणार नाही" यासकट घेतलं, तर बाकीच्या पत्राचा आवाज आणि या दोन वाक्यांचा आवाज वेगळा येतो, दोन माणसांनी मिळून लिहिल्यासारखा. खोडलं.

एकूण पहिला सरस वाटतो. तरी दुसरा कागद फाडला नाही.

रविवार, १३ ऑगस्ट

हेमलताला फोन करून दोन्ही वाचून दाखवले. शिवांगी क्लासला गेली होती.

दुसरा हेमलताने शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाली, "दादा, पहिलं पाठव."

"का?"

"आत्ता कुठे पोटभर जेवायला लागलीय. दुसरं वाचून दिवसभर रडेल. वाढदिवसाला रडवायचं का तिला?"

"मलाही तसंच वाटलं."

"आणि ती रमलीय रे इथे. मी तिच्यासाठी खिडकीपाशी टेबल करून घेतलंय. दिवाळीला आम्ही दोघी कोकणात जायचं म्हणतोय."

बहिणीचा मोठा आधार आहे. ती जवळून बघते, तिला कळतं.

सोमवार, १४ ऑगस्ट

संध्याकाळी शरफुन्निसाआपा आणि त्यांचे मियाँ डबा घेऊन दारात आले. वरच्या मजल्यावर राहतात, हैदराबादचे. वासंतीची आणि आपांची घट्ट मैत्री होती. वासंती गेल्यापासून दर आठवड्याला काहीतरी येतं, आज खट्टी दाल होती. आपा एकट्या कधी येत नाहीत आणि आत बसत नाहीत, जे बोलायचं ते उंबऱ्यावर.

शिवांगीची विचारपूस झाली. मी वाढदिवसाचं सांगितलं आणि का कोण जाणे, दोन्ही कागद आणून हिंदीत अर्थ सांगत वाचले. मियाँ मान हलवत राहिले. आपांनी ओढणीने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "भाईसाब, पहला वाला नक्को भेजो."

"का? त्यात चुकीचं काय आहे?" मी हिंदीत विचारलं.

"गलत कुछ नहीं. मगर नाम बदल दो तो वो खत मेरे भांजे को भी चलता. बच्ची बहादुर है, हमको फख्र है, खूब पढ़ो. किसी को भी भेज सकते. दूसरा वाला सिर्फ शिवू को जाता. और किसी के पते पे नहीं जा सकता."

मी म्हटलं, तिच्यावर ओझं पडेल. ती परत येण्यासाठी मी गळ घालतोय असं होईल.

"बोझ?" आपांनी मियाँकडे बघितलं. "उसकी माँ गई भाईसाब. अब बाप भी लिख रहा कि मेरी फिकर मत कर, मैं ठीक हूँ. तो बच्ची किसकी है फिर?"

मियाँ हळूच "बस, बस" म्हणाले. डबा देऊन दोघं गेली.

आपा भावनाप्रधान आहेत. वासंतीही म्हणायची. पण नाव बदलून कुणालाही चालेल हे मात्र खरं आहे, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मंगळवार, १५ ऑगस्ट

आज कार्ड द्यायचंच होतं. बँकेत जेवणाच्या सुटीत पुन्हा दोन्ही वाचले. आपांचं पटत होतं, हेमलताचंही. मग मी स्वतःला विचारलं, शिवांगी कशी आहे? हिमतीची. आईच्या अंत्यसंस्कारात ती रडली नाही, मला पाणी आणून देत होती. परीक्षेला गेली. पुण्याला जाताना विमानतळावर म्हणाली, "आय विल बी ओके, बाबा." अशा मुलीला कोणतं पत्र शोभतं? तिच्याइतकंच खंबीर असलेलं.

म्हणून पहिलं. दुरुस्त्या केल्या. "धैर्य दाखवलंस" ऐवजी "हिंमत धरलीस". "हार्दिक" काढून "खूप खूप". "सर्व व्यवस्थित" ऐवजी "सगळं छान". उद्गारचिन्ह काढलं, मला ते शोभत नाही. आपांच्या बोलण्याचा मान म्हणून "प्रिय शिवांगी" ऐवजी "प्रिय शिवू" केलं. "तू यावंस" पुन्हा एकदा टाकावं का, म्हणून पेन थांबलं होतं. नाही टाकलं.

डावं पान कोरं ठेवलं. शेवटी नुसतंच "बाबा" लिहिताना हात अडला, कारण त्या जागी नेहमी दोन नावं असायची.

कुरियर गेलं.

सोमवार, २१ ऑगस्ट

सकाळी बँकेत जायच्या आधी फोन केला. तिने एका घंटीत उचलला.

"कार्ड मिळालं, बाबा. थँक यू."

"वाचता आलं?"

"हो. सगळं सोपं होतं." मग म्हणाली, "तू एकट्याने लिहिलंस?"

"हो. दोन-तीनदा लिहिलं."

"छान आहे. म्हणजे तिकडे खरंच सगळं छान आहे?"

"एकदम. तू काळजी करू नकोस."

"ओके. गुड."

रडली नाही. आवाज अगदी सरळ होता. हेमलता म्हणाली तेच बरोबर ठरलं. दिवसभर मला कामात हलकं वाटलं.

शुक्रवार, ८ सप्टेंबर

शिवांगीने ठरवलं. पुण्यातच राहणार.

"कॉलेज चांगलं आहे, क्लास पण लागलाय. तिकडे येऊन तुलाच त्रास. तू ऑफिस करशील की मला बघशील?"

वाक्यं पाठ केल्यासारखी एका दमात बोलली. मी म्हटलं, "शहाणी आहेस. मला मान्य आहे."

"हो, तू लिहिलं होतंस."

प्रिन्सिपलबाईंना फोन करून जागा सोडली. बाईंनी विचारलं, मुलगी खूश आहे ना? हो म्हटलं.

संध्याकाळी तिच्या खोलीचा एसी लावायला गेलो. मग वाटलं, आता कशाला. पण लावला.

शनिवार, ३० सप्टेंबर

रमजान चालू आहे. बँकेच्या सरकारी कामाच्या टेबलावर गेलो होतो, शिवांगीच्या व्हिसाची मुदत संपल्याचं कळवायला. तिथल्या माणसाने स्क्रीनवर बघितलं आणि हात झटकून म्हणाला, "खलास." पुन्हा विचारलं, काही करता येईल? बसा म्हणाला, चहा देता येत नाही, उपास आहे. पाच मिनिटं त्याच्यासमोर नुसता बसून राहिलो. तो चांगला माणूस आहे. उठा म्हणाला नाही.

शुक्रवार, २० ऑक्टोबर

दिवाळी. बँकेत ईदच्या सुटीत सिस्टिम बदलायची आहे, म्हणून मला जाता आलं नाही. हेमलताचा फोन आला. कोकणात गेल्या नाहीत दोघी. शिवांगीने नको म्हटलं.

हेमलताचा आवाज बसलेला होता. म्हणाली, "दादा, तुला एक सांगायचंय. दिवाळीच्या दिवशी मनात ठेवून गोड खाववेना."

मग सांगितलं. ऑगस्टमध्ये वाढदिवसाच्या आधी शिवांगीची बॅग भरलेली होती. कपडे, पुस्तकं, आईचा एक स्वेटर. कॉलेजात मैत्रिणींना तिने आपण रियाधला परत जाणार म्हणून सांगितलं होतं. फक्त बाबाने एकदा ये म्हणावं, याची वाट बघत होती. फोनवर तिने मला सहज विचारल्यासारखं केलं होतं, आणि मी तुझं तू ठरव म्हटलं होतं. मग आत्याला म्हणाली, फोनवर त्याला बोलता येत नाही, बर्थडेला लिहील. कार्ड आलं त्या सकाळी तिने ते उभ्याने वाचलं, पुन्हा वाचलं, डाव्या कोऱ्या पानामागे काही आहे का बघितलं. कॉलेजला गेली. संध्याकाळी बॅग रिकामी करून कपडे कपाटात लावले.

"मी विचारलं तिला," हेमलता म्हणाली. "तर म्हणाली, आत्या, बाबा ओके आहे. त्याने लिहिलंय. त्याला माझी गरज नाही, आणि तेच बरंय, निदान एक माणूस तरी ओके आहे."

"हे तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?"

ती बराच वेळ रडत होती. "दुसरं पत्र मी ऐकलं होतं रे. मला माहीत होतं ती काय वाचायला थांबलीय. पण ती गेली असती, दादा. माझ्या घरात पहिल्यांदा कुणाचा तरी आवाज होता."

तिच्यावर रागावता आलं नाही. तिने नुसतं पहिलं पाठव म्हटलं होतं. लिहिलं मी, निवडलं मी. मी दोन्ही मसुदे माझ्या बँकेतल्या टेबलासारखे तपासले. ओझं किती पडेल ते मोजलं आणि ओझं नको म्हणून मुलीला हलकी करून टाकली. तिच्या हाताला धरायला काहीच ठेवलं नाही.

शनिवार, २१ ऑक्टोबर

आज लक्ष्मीपूजन. दुपारी कॉलिंग कार्ड आणून फोन केला. हेमलताने शिवांगीच्या हातात दिला आणि स्वतः बाहेर गेली असावी, दार लागल्याचं ऐकू आलं.

मी म्हटलं, "शिवू, तुझ्या वाढदिवसाला मी दोन पत्रं लिहिली होती. तुला चुकीचं पाठवलं. दुसरं वाचू?"

"वाच."

वाचलं. शिऱ्यापर्यंत ठीक गेलं. "मग आठवतं" याच्यापुढे मला वाचता येईना. ती थांबून राहिली. मी पुन्हा सुरू केलं आणि शेवटपर्यंत वाचलं.

मग हळू आवाजात म्हणाली, "हे का नाही पाठवलंस?"

"तुला ओझं होईल वाटलं."

"मला तेच हवं होतं, बाबा."

मी म्हटलं, पुन्हा व्हिसाचं बघतो, कफीलशी, म्हणजे व्हिसाच्या जामीनदाराशी, बोलतो, नाहीतर मीच नोकरी सोडून येतो. भराभर काय काय बोलत सुटलो. तिने सगळं ऐकून घेतलं. मोठ्या माणसाने ऐकावं तसं.

"आता नको," ती म्हणाली. "आता मला सवय झालीय इथली. खरंच. आधी नव्हती, पण तू लिहिलंस तशी करून घेतली. आता पुन्हा उलटं नको करायला लावूस."

बरं, तुझा निर्णय मला मान्य आहे, हे वाक्य अगदी तोंडाशी आलं होतं. तयारच होतं ते.

"मला नाही झाली सवय," मी म्हणालो.

तेव्हा ती रडली. जानेवारीपासून पहिल्यांदा मी तिला रडताना ऐकलं. पुण्यात मागे फटाके वाजत होते, इथे खिडकीबाहेर ऊन होतं. मला तिला गप्प करता आलं नाही, आणि मी केलंही नाही. कार्डावरचे पैसे संपेपर्यंत आम्ही दोघांनीही फोन ठेवला नाही.